पिंपाच्या कडेला चिकटलेली अंडी

नमस्कार श्रोतेहो. घरात पिंप वारंवार रिकामं होतं, पुन्हा भरतं, तरी त्यात डेंग्यूच्या डासाच्या अळ्या सापडतात. हे कसं होतं, ते आज पाहू.

पायांवर पांढरे पट्टे असलेला हा एडिस डास, म्हणजे त्याची मादी, अंडी पाण्यात घालत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पिंपाच्या ओलसर भिंतीला ती चिकटवते. काजळीच्या कणांएवढी असल्याने ती सहज दिसत नाहीत, आणि पाणी ओतून दिलं तरी ती तिथेच राहतात. कोरडी पडूनही कित्येक महिने जगतात. तुम्ही पिंप काठोकाठ भरलंत की ती बुडतात आणि अळ्या बाहेर येतात. पुढे सात ते दहा दिवसांत डास तयार होतो. म्हणून नुसतं रिकामं करणं पुरेसं नाही, घासणं महत्त्वाचं.

समजा, तुमच्याकडे नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं आणि दोनशे लिटरचं पिंप आहे. पाणी यायच्या आदल्या संध्याकाळी ते जवळपास रिकामं असतं, तीच वेळ धरा. उरलेलं पाणी बादलीत गाळून घ्या. काथ्याने किंवा ताठ ब्रशने आतली भिंत वरपासून खालपर्यंत घासा. काठाखालची वीतभर जागा दोनदा घासा, कारण अंडी बहुधा तिथेच असतात. धुतलेलं पाणी गटारात नको, कोरड्या मातीवर ओता, म्हणजे त्यातल्या अळ्या मरतील. मग पिंप रात्रभर उपडं ठेवा. दर खेपेला जमलं नाही, तरी आठवड्यातून एकदा हे झालंच पाहिजे.

झाकणाकडेही बघा. ऊन लागून प्लास्टिकचं झाकण वाकडं होतं आणि फटीतून डास आत जातो. त्यापेक्षा सुती कापड दुहेरी करून सुतळीने घट्ट आवळा. मात्र ते सैल पडून पाण्याला टेकलं, तर ओल्या कापडावरही मादी अंडी घालू शकते.

अळ्या आहेत का, हे पाहायला बॅटरीचा उजेड तिरका टाका. सावली पडताच अळ्या तळाशी पळतात, म्हणून मिनिटभर थांबा. श्वास घ्यायला त्या वर येतातच. स्वल्पविरामासारखे वाकडे कोष दिसले, तर पाणी त्याच दिवशी ओता. कोष काही खात नाहीत, त्यामुळे अळीनाशक त्यांच्यावर चालत नाही, आणि दोन-तीन दिवसांत त्यांचे डास होतात.

सिमेंटचा मोठा हौद रिकामा करता येत नसेल, तर त्यात गप्पी मासे सोडा. त्यांची चौकशी प्राथमिक आरोग्य केंद्रात करा.

आणि फ्रिजच्या मागे, कॉम्प्रेसरवर बसवलेला पाण्याचा ट्रे? तोही याच दिवशी काढून घासा. तो बहुतेक घरांत विसरला जातो.