मोर कोणी टाकते का?

(नागपूरच्या एका वाचनालयातल्या उन्हाळी व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

कूलर बंद करू नका, असू द्या. आवाज होतो खरा, पण मे महिन्यात कूलर बंद करून व्याख्यान ऐकायला लावणं हा गुन्हा आहे. शिवाय आजच्या विषयाला तो खडखडाट शोभतोच. टेबलावर १३६ सोंगट्या पालथ्या घालून चौघांनी दोन्ही हातांनी पिसल्या की अस्साच आवाज होतो. माहजाँग या चिनी खेळाच्या जुन्या नावाचा अर्थ चिमणी असा आहे. आमच्या कूलरमध्येही दरवर्षी चिमण्या घरटं करतात, पण तो विषय वेगळा.

मी ‘सोंगटी’ म्हणते, टाइल म्हणत नाही. टाइल म्हटलं की मला बाथरूमचं काम आणि न येणारा मिस्त्री आठवतो.

पत्रिकेत विषय छापलाय ‘माहजाँग: नवख्यांना शिकवताना काय टाकावं, काय ठेवावं’. तिथे मी येणार आहे. पण इथे बसलेल्यांपैकी निम्मे लोक रम्मी खेळणारे आहेत. हात वर करा. बघा, निम्म्यापेक्षा जास्तच निघाले. काही हात अर्धवट वर आहेत, त्यांच्या शेजारी सूनबाई बसल्या असाव्यात. तर रम्मीवाल्यांना अर्धा खेळ येतोच. तेरा हातात, चौदावी उचलायची, एक टाकायची. तीन-तीनचे चार गट आणि एक जोडी जमली की डाव तुमचा. गट म्हणजे एकाच रंगाच्या लागोपाठच्या तीन, नाहीतर हुबेहूब सारख्या तीन. रंगही तीनच आहेत. गोळे, बांबू आणि अक्षरं. प्रत्येकात १ ते ९ आणि प्रत्येक सोंगटी चार वेळा. त्यावर चार दिशांचे वारे आणि तीन ड्रॅगन, तेही प्रत्येकी चार. वाऱ्यांची आणि ड्रॅगनची लागोपाठ रांग होत नाही, सारख्या तीनच लागतात. हे एवढं लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावरच उभं आहे. आठ फुलं असतात, ती डब्यातच राहू द्या.

आता माझी तक्रार. मला हा खेळ शिकवला तो आमच्या शेजारी राहायला आलेल्या, हवाई दलातल्या एका अधिकाऱ्यांच्या पत्नीने. बाई लाख चांगल्या, चहाही उत्तम करायच्या. पण त्यांनी पहिल्या दिवशी दोन तास मला गुणांचं कोष्टक सांगितलं. कशाचे दुप्पट, कशाचे चौपट. मी मान हलवत होते, चिवडा खात होते. आणि दुसऱ्या दिवशी त्यांना वाटलं की हिला जड जातंय, सोपं करू, म्हणून त्यांनी वारे आणि ड्रॅगन काढून टाकले. उरल्या १०८ सोंगट्या. मग तर माझी पार वाटच लागली! कारण हातातली प्रत्येक सोंगटी कोणाची तरी नातेवाईक. कोणतीही टाकायला गेले की वाटायचं, हिची बहीण पुढच्या फेरीत आली तर? पाच-पाच मिनिटं मी हातच हलवायची नाही.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे की शिकवताना वारे काढू नका. नवख्याला गट जमवायला शिकवावं लागत नाही, ते तो आपणहून करतो. त्याला टाकायला शिकवावं लागतं. आणि वारे हे टाकण्याचे पहिले धडे आहेत. १३६ मध्ये वारे-ड्रॅगन मिळून २८, म्हणजे चौदा सोंगट्यांच्या हातात सरासरीने तीनेक येतात. बहुतेक वेळा एकेकट्या. नवख्याच्या पहिल्या तीन चालींची सोय आपोआप झाली. तेवढ्या वेळात त्याला बाकीचा हात न्याहाळता येतो.

यावर मला हटकून सांगावीशी वाटते ती आमच्या थोरल्या नणंदबाईंची गोष्ट. त्या आज इथे आल्यात, परवानगी घेतली आहे. म्हणजे अर्धी घेतली आहे. मागच्या उन्हाळ्यात आमच्या भिशीत मी पहिल्यांदा डबा उघडला. नणंदबाई रम्मीतल्या पट्टीच्या. त्या माझ्या डाव्या हाताला बसल्या. पहिल्याच चालीला त्यांनी अक्षरांची ९ टाकली, दुसऱ्या चालीला ८. मी म्हटलं, अहो, ८-९ जवळजवळ होत्या की, ७ आली असती तर? तर म्हणाल्या, “मोठी पानं आधी झटकायची, आपल्यावर नको बसायला.” रम्मीत बरोबर आहे, राजा-राणी हातात राहिले की दहा-दहा गुण चढतात. इथे हातात राहिलेल्या सोंगटीवर गुण चढत नाहीत. ९ ही १ पेक्षा मोठी नाही, दोघी कडेला बसलेल्या सारख्याच. तिसऱ्या चालीला त्यांना अक्षरांची ७ आली. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मीच पाठवली.

नंतर त्यांनी दक्षिण वारा टाकला. मी खूश झाले, म्हटलं समजलं यांना. तर म्हणाल्या, “दक्षिण नको वं घरात.” आणि पूर्वेचा एकटा वारा मात्र शेवटपर्यंत धरून ठेवला, कारण पूर्व शुभ. वास्तुशास्त्राने अर्धा धडा बरोबर शिकवला, अर्धा चुकीचा. हिरवा ड्रॅगन ठेवला, कारण दिसायला छान.

आणि मोर! बांबूच्या १ वर काठी नसते, पक्षी असतो. कोणत्या डब्यात चिमणीसारखा, आमच्या डब्यात पिसारा असलेला मोर. मी म्हटलं, बाई, मोर टाका, एकटा आहे तो. तर सगळ्या भिशीसमोर म्हणाल्या, “अवं, मोर कोणी टाकते का?” आणि मोर वाचवायला त्यांनी काय टाकलं? बांबूची ५. माझ्याकडे ४-६ होत्या. डावीकडच्याने टाकलेली सोंगटी रांगेसाठी उचलता येते, मी ‘चाव’ म्हणून उचलली, तिन्ही उघड्या मांडल्या. दोन चालींनंतर माझा डाव लागला. त्यांनी हात उघडला तर तेरातल्या तीन सोंगट्या म्हणजे मोर, पूर्व आणि हिरवा ड्रॅगन. तिघे पाहुणे घरात ठेवून उरलेल्या दहांवर संसार चालला होता.

त्या रात्री मी त्यांना समजवायला टेबलावर सोंगट्या मांडल्या आणि मोजून दाखवलं. बांबूची ५ घ्या. तिच्या बाजूला ४ किंवा ६ आली तर लगेच जुळतात, ३ किंवा ७ आली तर मध्ये एक फट राहते, पण नातं जुळतं. चार आकडे, प्रत्येकाच्या चार, झाल्या १६. शिवाय ५ च्याच उरलेल्या तीन. म्हणजे १९ सोंगट्या तिच्या कामाच्या. ३ पासून ७ पर्यंत सगळ्यांचं हेच. २ किंवा ८ घेतली तर एका बाजूला भिंत लागते, राहतात १५. १ किंवा ९ ला ११. आणि एकट्या वाऱ्याला? त्याच्याच तीन. बस. तीन, अकरा, पंधरा, एकोणीस. टाकायचा क्रम हाच. आधी एकटे वारे-ड्रॅगन, मग एकट्या १ आणि ९, मग २ आणि ८, मधल्या शेवटी. नणंदबाईंनी अकराचा मोर वाचवायला एकोणीसची ५ टाकली होती. त्या एवढंच म्हणाल्या, “हे आधी सांगायचं ना बाप्पा.”

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. म्हणजे पत्रिकेतला विषय आता सुरू होतो. लिहून घ्यायचं असेल तर पटकन घ्या.

हा हात पाहा. गोळे ३, ४, ७, ७. बांबू १, ४, ६, ८. अक्षरं ५, ६, ७, ९. एक उत्तर वारा, एक पांढरा ड्रॅगन. चौदा झाल्या. आधी गट बघा. अक्षरांच्या ५-६-७ तयार. गोळ्यांच्या ३-४ ला २ किंवा ५ चालते. ७-७ ही जोडी. बांबूच्या ४-६-८ ला ५ किंवा ७. एकटे कोण? उत्तर, पांढरा, मोर, आणि थोडीशी अक्षरांची ९. पहिला उत्तर टाका. समजा बांबूची २ आली, मग पांढरा टाका. मग गोळ्यांची ५ आली, ३-४-५ जमलं. आता मोर की ९? मोराला २ चा शेजार मिळाला, म्हणून मन अडखळतं. पण १-२ ला हवी ३, आणि २-४ ला पण हवी ३. मोर गेला तरी वाट तीच. ९ मात्र तयार ५-६-७ ला टेकून आहे, ८ आली तर ५ ते ९ अशी पाचांची लांब रांग होते. म्हणून मोर टाका. राहिले पाच तुकडे आणि सुटी ९. दोन गट तयार, एक जोडी, बांबूच्या २-४ आणि ६-८. ८ आली नाही तर पुढे ९ जाईल.

पाच तुकड्यांचं लक्षात ठेवा. चार गट, एक जोडी, म्हणजे हातात पाचच तुकडे पुरतात. सहावा झाला की सगळ्यात दुबळा सोडायचा. दुबळा कसा ओळखायचा? ३-४ ला दोन आकडे चालतात, म्हणजे ८ सोंगट्या. ४-६ ला एकच, ४ सोंगट्या. १-२ लाही ४. आणि या चारांतल्या किती मधे टाकून झाल्या आहेत ते मोजा. नवखे फक्त हाताकडे बघतात, टेबलाकडे बघतच नाहीत.

जोडी. रम्मीवाले जोडी मोडून रांगेच्या मागे धावतात, आणि शेवटी चार गट जमून जोडीच नसते. एक जोडी जपा. तीन जोड्या झाल्या असतील तर मात्र एक मोडायचा विचार करा, जोडीला गट करायला फक्त दोनच सोंगट्या शिल्लक असतात.

‘पंग’ म्हणायची घाई. सारखी तिसरी कोणीही टाकली तरी उचलता येते, म्हणून नवखा प्रत्येक वेळी ओरडतो. उचलली की गट उघडा मांडावा लागतो, परत मोडता येत नाही. पहिल्या संध्याकाळी मी नियमच करते, डावात एकदाच उचलायचं.

आणि एक उलटी गोष्ट, दोन वाक्यांत. वारे आधी टाका म्हटलं ते सुरुवातीला, कारण तेव्हा इतरांकडेही बहुधा ते एकेकटेच असतात. डाव संपत आला, कोणी तीन गट उघडे मांडून बसला असेल, तर टेबलावर एकदाही न दिसलेला वारा टाकू नका, त्याच्याकडे जोडी असू शकते. तेव्हा आधीच दोन-तीनदा पडलेली सोंगटी टाका, मग आपला गट मोडला तरी चालेल.

गुण? गुणांचं पुढच्या वर्षी.

पलीकडे तीन टेबलं मांडली आहेत, सोंगट्यांच्या कोपऱ्यात आकडे छापलेले आहेत, चिनी वाचता यायची गरज नाही. तर्री पोहे आधी खा आणि हात धुऊन बसा, नाहीतर सोंगटी पालथी असली तरी तेलाच्या बोटावरून ओळखू येते. तिसऱ्या टेबलावर नणंदबाई आहेत. त्यांच्या उजव्या हाताला जो बसेल त्याला एकच सूचना. बांबूच्या २-३ धरून मोराची वाट पाहू नका.