उजवा हात 96, पाय 91: नवजात बाळाच्या हृदयतपासणीतील दोन आकडे

नमस्कार. बाळ 24 तासांचे झाल्यावर परिचारिका त्याच्या उजव्या तळहाताला आणि मग एका तळपायाला पल्स ऑक्सिमीटरचा प्रोब गुंडाळून रक्तातील ऑक्सिजनच्या टक्केवारीचे दोन आकडे नोंदवतात. पायाचा आकडा कमी आला तर पुढे काय घडते, ते आज पाहू.

गर्भात फुफ्फुसांचे काम सुरू झालेले नसते, त्यामुळे फुफ्फुस धमनीतील बरेचसे रक्त डक्टस नावाच्या लहानशा नळीतून थेट महाधमनीत जाते. ही नळी महाधमनीला जिथे मिळते, त्याच्या आधीच उजव्या हाताकडे जाणारी रक्तवाहिनी फुटलेली असते. पायांकडे जाणारे रक्त मात्र त्या संगमाच्या पुढचे असते. महाधमनीची कमान फार अरुंद किंवा तुटलेली असेल, तर जन्मानंतरही शरीराच्या खालच्या भागाला डक्टसमधूनच, म्हणजे कमी ऑक्सिजन असलेले रक्त मिळत राहते. बाळ गुलाबी दिसते, दूधही ओढते. डक्टस मात्र पहिल्या काही दिवसांत मिटते, आणि तोपर्यंत बाळ बहुधा घरी गेलेले असते.

समजा, शिरूरच्या एका प्रसूतिगृहात 26 तासांच्या बाळाच्या हाताचा आकडा 96 आणि पायाचा 91 आला. केवळ हात तपासला असता, तर बाळ उत्तीर्ण ठरले असते. दोन्ही आकडे किमान 95 हवेत आणि त्यांतील फरक 3 पेक्षा अधिक नको, म्हणून येथे एका तासाने फेरतपासणी करावी लागते. एखादा आकडा 90 च्या खाली असता, तर तेवढेही थांबायचे नसते. अमेरिकेत 2011 पासून रुळलेल्या पद्धतीत फेरतपासणी दोनदा होत असे. अलीकडची शिफारस एकदाच करण्याची आहे, आणि मला ती अधिक योग्य वाटते, कारण खरोखर आजारी बाळाचे एक-दोन तास वाया जात नाहीत.

आधी मोजमाप मात्र नीट हवे. पाय गार असेल, बाळ रडत असेल किंवा फोटोथेरपीचा प्रकाश प्रोबवर पडत असेल, तर आकडा फसवा येतो. मोठ्यांच्या बोटाला लावायचा चिमटा येथे चालत नाही. पाय उबदार करून, प्रोब झाकून, पडद्यावरील लहर स्थिर झाल्यावरच नोंद घ्यावी. समुद्रसपाटीपासून पुण्याची उंची सुमारे 560 मीटर आहे. तेवढ्यासाठी आकड्यांत सूट द्यायची गरज नाही.

तासाभराने आकडे 96 आणि 90 आले, तर बाळ तपासणीत अनुत्तीर्ण ठरते. डॉक्टर जांघेतील नाडी चाचपतात आणि हातापायांचा रक्तदाब मोजतात. पायाची नाडी क्षीण आणि तिथला रक्तदाब हातापेक्षा बराच कमी असेल, तर संशय महाधमनीवर जातो. नाडी सगळीकडे सारखी असेल, तर फुफ्फुसांतील वाढलेला रक्तदाब किंवा जंतुसंसर्गही कारण असू शकतो, आणि त्यांवरही उपचार तातडीनेच लागतात. खात्रीचे निदान टूडी इकोने होते. इको जवळ नसेल आणि संशय दाट असेल, तर पुण्यातील बालहृदयरोगतज्ज्ञांशी फोनवर बोलून प्रोस्टाग्लॅंडिन ई-1 सुरू करतात. हे औषध डक्टस उघडी ठेवते. शरीरात ते फार लवकर निष्प्रभ होते, म्हणून सिरिंज पंपातून अखंड द्यावे लागते. मात्रा बहुधा दर किलो वजनामागे मिनिटाला 0.01 ते 0.05 मायक्रोग्रॅम अशी सुरू होते. या औषधाने बाळाचा श्वास थांबू शकतो, म्हणून पुण्यापर्यंतच्या सुमारे 65 किलोमीटरच्या प्रवासात कृत्रिम श्वास देऊ शकणारी व्यक्ती सोबत असलीच पाहिजे.

येथे नातेवाईक आणि कधीकधी आम्ही डॉक्टरही गोंधळतो: औषध लागू पडले, तरी पायाचा आकडा 90 च्या आसपासच राहतो, कारण पायांना मिळणारे रक्त अजूनही डक्टसमधूनच येत असते. सुधारणा दिसते ती जांघेची नाडी परत लागण्यात, पाय उबदार होण्यात आणि लघवी होण्यात. आकडा वर आणण्यासाठी भरमसाट ऑक्सिजन देणे घातक ठरू शकते, कारण ऑक्सिजनमुळे डक्टस आकुंचन पावते आणि रक्त फुफ्फुसांकडे अधिक वळते. बाळ स्थिर झाल्यावर कमानीची शस्त्रक्रिया होते.

नेमका हाच आजार या तपासणीतून निसटण्याची शक्यताही बरीच असते. कमान केवळ अरुंद असेल आणि डक्टस आधीच मिटत आली असेल, तर पायांना रक्त कमी मिळते, पण ते शुद्ध असते, आणि आकडा 97 सुद्धा येऊ शकतो. म्हणून घरी जाण्यापूर्वी डॉक्टरांनी जांघेची नाडी पाहिली का, हे जरूर विचारा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बाळ दूध पिताना दमू लागले, घामेजले, जोरजोरात श्वास घेऊ लागले किंवा त्याचा रंग राखाडी दिसू लागला, तर तपासणीत उत्तीर्ण झाल्याचा कागद हातात असला तरी त्याच रात्री एनआयसीयू असलेले रुग्णालय गाठा आणि हातापायांचा रक्तदाब मोजायला सांगा.