फ्लशेबल वाइप फ्लश होतो, पुढे काय?

नमस्कार श्रोतेहो. ओल्या वाइप्सच्या पाकिटावर 'फ्लशेबल' लिहिलेलं असतं. वाइप कमोडमधून दिसेनासा होतो, इतपत ते खरंच आहे. पण पुढे त्याचं काय होतं, ते लंडनला 2017 साली कळलं.

सप्टेंबरचा महिना. व्हाइटचॅपल भागात रस्त्याखालच्या जुन्या, व्हिक्टोरिया राणीच्या काळात बांधलेल्या गटारात तपासणी करणाऱ्यांना एक गोळा सापडला. गोळा म्हणायचं, पण लांबी अडीचशे मीटर आणि वजन सुमारे 130 टन! स्वयंपाकघरातून गेलेलं तेल आणि चरबी, त्यात अडकलेले ओले वाइप्स, डायपर, सॅनिटरी पॅड. गटारात चरबीचा पाण्यातल्या कॅल्शियमशी संयोग होतो आणि साबणासारखा कडक थर बसतो. नुसती चरबी असती तर ढेकळं फुटून वाहून गेली असती. वाइप्सच्या धाग्यांनी ती बांधून ठेवली आणि सगळ्याचा दगड झाला. कामगार संरक्षक कपडे घालून आत उतरले. जोराच्या पाण्याच्या फवाऱ्यांनी आणि फावड्यांनी त्यांनी तो फोडला आणि तुकडे टँकरमध्ये खेचून घेतले. याला आठवडेच्या आठवडे लागले. त्यातल्या चरबीपासून पुढे बायोडिझेलही बनवलं. 2018 साली त्याचा एक वाळवलेला तुकडा म्युझियम ऑफ लंडनमध्ये बंद पेटीत ठेवला, तर पेटीत माश्या जन्माला आल्या. लोक रांगा लावून बघायला गेले, आणि मला वाटतं, संग्रहालयांनी अशा गोष्टी जरूर मांडाव्यात. गटार ही शहराची अर्धी कहाणी असते.

आता घरातला प्रयोग. झाकणाच्या तीन बरण्या अर्ध्या पाण्याने भरा. एकीत टॉयलेट पेपरचा एक तुकडा, दुसरीत नाक पुसायचा टिश्यू, तिसरीत वाइप टाका. अर्धा तास ठेवा, मग प्रत्येक बरणी वीस वेळा हलवा. टॉयलेट पेपरचा लगदा होतो, कारण त्याचे आखूड तंतू नुसते एकमेकांना चिकटलेले असतात आणि पाण्याने सुटतात. टिश्यूचे मोठे तुकडे उरतात, कारण ओला झाला तरी फाटू नये म्हणून त्यात राळ घातलेली असते. किचन टॉवेलचंही तेच. साधा वाइप तर तसाच्या तसा बाहेर येतो, कारण त्याचे लांब धागे एकमेकांत गुंतवलेले असतात, आणि त्यात बऱ्याचदा पॉलिस्टरसारखं प्लास्टिक असतं. 'फ्लशेबल' वाइप लांब धाग्यांऐवजी आखूड तंतूंचा असेल तर हळूहळू सुटतो, पण पेपरइतका लवकर नाही. म्हणून लक्षात ठेवा: कमोडमध्ये फक्त टॉयलेट पेपर जाऊ द्या; टिश्यू आणि वाइप मात्र झाकणाच्या डब्यात टाका.

चोकअपची चाहूल आधीच लागते. फ्लश केल्यावर पाणी वर चढून सावकाश उतरतं. बाथरूमच्या जाळीतून गुडगुड आवाज येत असेल, तर अडथळा बहुधा कमोडच्या पुढे, सामायिक पाइपमध्ये आहे. तेव्हा पुन्हा फ्लश करू नका, नाहीतर पाणी बाहेर येईल. ड्रेन क्लीनरही ओतू नका. त्याने पॉलिस्टर विरघळत नाही, आणि ते तीव्र पाणी मात्र पुढे प्लंबरच्या अंगावर उडतं. आधी पंप मारून पाहा. नाही सुटलं तर पाइपमध्ये लांब स्प्रिंग घालून अडथळा काढणाऱ्या प्लंबरला बोलवा.

आता त्वचा. वाइप पाकिटात महिनोन्महिने ओला राहतो, म्हणून त्यात बुरशी आणि जंतू रोखणारं रसायन घालावंच लागतं. वाइपने पुसल्यावर आपण धूत नाही, त्यामुळे ते अंगावरच राहतं. मिथिलआयसोथायझोलिनोन नावाच्या अशाच एका रसायनाची अनेकांना ॲलर्जी झाली. युरोपीय संघाने अंगावर राहणाऱ्या सौंदर्यप्रसाधनांत 2017 पासून त्याला बंदी घातली. पाकिटावर ते नाव बारीक अक्षरांत शोधा. बारीक अक्षरांत छापलेली यादी चष्म्यावाल्यांना वाचता यावी, असा कायदा व्हायला हवा, पण ते असो.

खाज किंवा पुरळ वाइप वापरल्यावर लगेच नाही, तर बऱ्याचदा एक-दोन दिवसांनी उठतं, म्हणून संशय वाइपवर जातच नाही. उलट माणूस जास्त वाइप वापरतो आणि पुरळ वाढत जातं. असं झालं तर सगळे वाइप, सुगंधी आणि रंगीत पेपर दोन-तीन आठवडे बंद करा. साध्या कोमट पाण्याने धुवा, घासू नका, बिनसुगंधी मऊ पेपरने नुसतं टिपा आणि पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावा. ओलं पुसायचंच असेल तर टॉयलेट पेपर वापरायच्या क्षणी पाण्याने भिजवा. तो ताबडतोब वापरून संपतो, त्यामुळे त्यात रसायन लागत नाही. एवढं करूनही खाज गेली नाही, तर त्वचारोगतज्ज्ञाकडून पॅच टेस्ट, म्हणजे त्वचेवर रसायनं लावून ॲलर्जी तपासायची चाचणी, करून घ्या आणि वाइपचं पाकीट सोबत न्या. रक्त पडत असेल तर मात्र दोन-तीन आठवडे थांबू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.