दुपारी दोनचा पेपर आणि चंद्रपूरचा उन्हाळा

मुलांनो, आणि मागे बसलेल्या पालकांनो, आज मी फक्त वेळेबद्दल बोलणार आहे. 'नीट' गेली काही वर्षं मेच्या पहिल्या रविवारी, दुपारी दोनपासून होते. तेव्हा चंद्रपूरचा पारा 45 च्या आसपास असतो. म्हणजे ज्या वेळी आपण सगळे खिडक्या लावून आडवे होतो, नेमक्या त्याच वेळी तुम्हाला 180 प्रश्न सोडवायचे आहेत.

पहाटेचा अभ्यास हवाच. स्लॅबचं घर दिवसभर तापतं आणि रात्री अकरापर्यंत आग ओकतं. साडेचार-पाचला कुठे ते निवतं. भौतिकशास्त्राची गणितं तेव्हाच सोडवा. पण झोपायला बारा वाजत असतील, तर साडेचारला उठून उपयोग नाही. गच्चीवर पाणी मारून दहाला पाठ टेकता आली पाहिजे. पालकांनो, त्यासाठी घरातला टीव्ही साडेनऊला बंद झाला पाहिजे.

एक उदाहरण घ्या. मुलगी साडेचारला उठते, नऊपर्यंत अभ्यास करते, जेवून एकला झोपते ती तीनला उठते. मार्चमध्ये हे उत्तम. पण हेच मेपर्यंत चाललं, तर दोन वाजता तिचं शरीर झोप मागणार. मग परीक्षेत प्रश्न दोनदा वाचावा लागतो, उणे-अधिकची चिन्हं चुकतात. म्हणून एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून तिने जेवण अकराला घ्यावं, तेही हलकं, आणि साडेअकराला गजर लावून अर्धा तासच पडावं. उठल्यावर तोंड धुवून थोडं चालावं. दोनला सराव पेपर, सुरुवातीला दिवसाआड, शेवटच्या आठवड्यात रोज. रात्रीची झोप मात्र तेवढीच राहिली पाहिजे. ती कमी करून हा बदल केलात, तर काहीच साधणार नाही.

आता पाणी. तहान लागेपर्यंत थांबू नका. तासाभराने उठून माठातलं ग्लासभर प्या. लघवी गडद पिवळी झाली, डोकं जड वाटलं, तर पाणी कमी पडतंय असं समजा. घाम फार गेला असेल तर ताक किंवा पन्हं घ्या, मीठ घातलेलं. पेपरच्या आधी मात्र एकदम लिटरभर पिऊ नका, अर्धा वेळ बाहेर जाण्यात जाईल. सकाळपासून थोडं थोडं प्या. प्रवेश दीडला बंद होतो, त्यामुळे साडेबाराच्या उन्हात तुम्ही रांगेत असाल. डोक्याला ओला दुपट्टा बांधा आणि पारदर्शक बाटली सोबत ठेवा.

कूलरबद्दल विचारलंत म्हणून सांगतो. केंद्रावर तो असेलच असं नाही. तेव्हा सराव पेपरांपैकी निदान दोन-तीन नुसत्या पंख्याखाली द्या, पाण्याची बाटली जवळ ठेवून. गरगरलं, मळमळलं तर मात्र लगेच थांबा आणि सावलीत पडा. तो पेपर दुसऱ्या दिवशी देता येतो.