उथळ पाण्यातील लाट : ती का मंदावते आणि उभी का होते

किनाऱ्याकडे येणारी लाट उथळ पाण्यात मंदावते, आणि याचे कारण म्हणून बहुधा तळाशी होणारे घर्षण सांगितले जाते. हे स्पष्टीकरण मला मान्य नाही. घर्षण लाटेची ऊर्जा कमी करते, म्हणून मंदावण्याचे मुख्य कारण घर्षण असते तर लाटेची उंचीही त्याबरोबर घटली असती; प्रत्यक्षात लाट मंदावत असताना उंच होत जाते. खरे कारण पाण्याच्या हालचालीतच आहे.

खोल समुद्रात लाटेखालचे पाणी वर्तुळाकार फिरते आणि ही हालचाल खाली जाताना झपाट्याने विरते, त्यामुळे लाटेला तळाचा पत्ताच नसतो. खोली तरंगलांबीच्या सुमारे विसाव्या भागाहून कमी झाली की वर्तुळे चपटी होतात आणि पृष्ठभागापासून तळापर्यंतचे सगळे पाणी जवळजवळ एकाच वेगाने पुढे-मागे सरकू लागते. उथळपणा असा तरंगलांबीच्या तुलनेत ठरतो. म्हणूनच शेकडो किलोमीटर लांबीच्या त्सुनामीला 4000 मीटर खोल महासागरही उथळच असतो.

आता स्थिर पाण्यावरून h खोलीत, c वेगाने पुढे जाणारा a उंचीचा एक फुगवटा डोळ्यांसमोर आणू. तो पुढे सरकायचा तर त्याच्यापुढे दर सेकंदाला a × c इतके जास्तीचे पाणी जमायला हवे, आणि ते खालच्या संपूर्ण स्तंभाच्या u या वेगातूनच येऊ शकते. म्हणून h × u = a × c. दुसरीकडे, या पाण्याला ढकलणारा जोर फुगवट्याच्या जास्तीच्या वजनातून येतो, आणि संवेगाचा हिशेब मांडला की g × a = c × u असे मिळते; इथे g म्हणजे गुरुत्वीय त्वरण. दोन्ही समीकरणे एकत्र केली की a निघून जातो आणि उरते:

c = √(g h)

याचा अर्थ असा, की खोली कमी असेल तर तोच फुगवटा पुढे नेण्यासाठी पाण्याच्या तोकड्या स्तंभाला अधिक वेगाने धावावे लागते. पण ढकलणारा दाब तेवढाच असल्याने फुगवट्याला सावकाशच पुढे जाता येते. 4000 मीटर खोलीवर हा वेग सेकंदाला सुमारे 198 मीटर येतो, तर 10 मीटर खोलीवर जेमतेम 10 मीटर.

एक साधी लाट घेऊ. तिचा आवर्तनकाळ 10 सेकंद आहे आणि खोल पाण्यात तिची उंची 1 मीटर, तरंगलांबी सुमारे 156 मीटर आहे. किनाऱ्याकडे येताना आवर्तनकाळ बदलत नाही, कारण एखाद्या ठिकाणी जितक्या लाटा येतात तितक्याच पुढे गेल्या पाहिजेत. त्यामुळे वेग घटला की लांबी आखडते: 3 मीटर खोलीवर वेग सेकंदाला सुमारे 5.3 मीटर आणि लांबी जेमतेम 53 मीटर उरते. ऊर्जा वाहून नेण्याचा वेगही कमी झाल्याने तीच ऊर्जा थोड्या जागेत कोंबली जाते आणि उंची सव्वा मीटरच्या आसपास पोहोचते. लांबी तिसऱ्या हिश्श्यावर येऊन उंची वाढली, म्हणजे लाट आताच बरीच उभी झाली आहे; पण तिचे दोन्ही उतार अजून सारखेच आहेत.

पुढचा उतार उभा होतो तो वेगळ्या कारणाने. या लाटेच्या माथ्याखाली पाणी सुमारे 3.6 मीटर असते आणि खळग्याखाली सुमारे 2.4 मीटर. त्यातच माथ्याचे पाणी पुढे आणि खळग्याचे मागे सरकत असते. दोन्ही परिणाम धरून उथळ पाण्याच्या सिद्धांताने माथ्याचा वेग सेकंदाला सुमारे 7 मीटर आणि खळग्याचा सुमारे 3.7 मीटर येतो. माथा समोरच्या खळग्यापासून अर्ध्या तरंगलांबीवर, म्हणजे 26 मीटरवर आहे. हे अंतर तो सुमारे 8 सेकंदांत भरून काढतो. तेवढ्यात पुढची बाजू आखडत जाऊन भिंतीसारखी होते आणि मागची बाजू लांब, सौम्य राहते.

मात्र हा हिशेब शब्दशः घेऊ नये. या सिद्धांताप्रमाणे सपाट तळावरसुद्धा प्रत्येक लाट केव्हातरी फुटलीच पाहिजे. प्रत्यक्षात तसे होत नाही. पाण्याची उभी हालचाल त्यात वगळलेली असते, आणि तीच लाटेचा पुढचा उतार तीव्र होण्याला विरोध करते. हे दोन परिणाम एकमेकांना तोलतात तेव्हा एकच फुगवटा आकार न बदलता दूरवर जातो. स्कॉटिश अभियंते जॉन स्कॉट रसेल यांनी 1834 मध्ये कालव्यात पाहिलेली एकाकी लाट अशीच होती. चढत्या तळावर खोली सतत घटत असल्याने हा तोल टिकत नाही. उंची खोलीच्या सुमारे 0.8 पट झाली की लाट फुटते, आणि आपल्या उदाहरणात ही वेळ साधारण 2 मीटरहून थोड्या कमी खोलीवर येते. ती कशी फुटेल हे बरेचसे तळाच्या उतारावर अवलंबून असते: संथ उतारावर माथा फेसाळत हळूहळू ओघळतो, तर तीव्र उतारावर फुटण्याआधी सावरायला वेळच न मिळाल्याने माथा वळून समोरच्या खळग्यात कोसळतो.