बंद नळाचा दाब, वाहत्या पाण्याचा दाब

[दृश्य: भिंतीवरचा वॉशिंग मशीनचा नळ, हातात गोल प्रेशर गेज]

वॉशिंग मशीनसाठी बसवलेल्या नळाला पुढे पाऊण इंची आटे असतात. घरात पाण्याचा दाब मोजायला याहून सोयीची जागा क्वचितच सापडते.

गेज निवडताना मात्र घाई नको. दुकानात सहज मिळतं ते ० ते १० बारचं गेज. त्यावर अचूकतेचा वर्ग २.५ लिहिलेला असेल, तर त्याचा काटा पूर्ण मापाच्या अडीच टक्के, म्हणजे पाव बारपर्यंत चुकू शकतो. पंपाच्या किंवा थेट मुख्य लाइनच्या पाण्याला ते चालेल. पण गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याचा दाब बऱ्याचदा एक बारही नसतो. तिथे पाव बारची चूक म्हणजे मापच फुकट. अशा घरासाठी ० ते १ किंवा फार तर ० ते २.५ बारचं गेज घ्या.

[दृश्य: नळातून पाणी वाहतंय, मग गेज चढवलं जातं]

आधी नळ थोडा वेळ वाहू द्या, म्हणजे पाइपातली हवा निघून जाईल. हवा अडकली की काटा थरथरत राहतो. मग नळ बंद करून गेज चढवा. जोडणीत रबरी वॉशर असेल, तर हाताने घट्ट करणं पुरेसं आहे. वॉशर नसेल, तर आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा, तीही आटे आवळण्याच्या दिशेनेच. उलट गुंडाळलेली टेप फिरवताना सुटून येते.

आता घरातले बाकीचे सगळे नळ बंद, फ्लशची टाकी भरलेली, आणि गेजचा नळ पूर्ण उघडा. लाइनवर पाणी मागे फिरू न देणारा नॉन-रिटर्न वॉल्व्ह असेल, तर पुढच्या पाइपात जास्तीचा दाब कोंडलेला असू शकतो. म्हणून दुसरा एखादा नळ क्षणभर उघडून बंद करा आणि मगच काटा वाचा.

[दृश्य: काटा ०.६ वर स्थिर]

०.६ बार. हा आकडा बरोबर आहे की नाही, हे उंची मोजायच्या टेपने तपासता येतं. दहा मीटर उंचीचं पाणी साधारण एक बार दाब देतं. या घरात गेजपासून टाकीतल्या पाण्याच्या पातळीपर्यंतची उंची ६ मीटर आहे. म्हणजे ०.६ बारच्या आसपासच दाब हवा, आणि तेवढा आहे. तरीही स्वयंपाकघरात पाणी बारीक येतं.

पाणी थांबलेलं असताना अरुंद पाइपही पूर्ण दाब दाखवतो. अडथळा दाब खातो तो पाणी वाहू लागल्यावर. म्हणून गेज जागेवरच ठेवून स्वयंपाकघरातला नळ पूर्ण उघडायचा.

[दृश्य: नळाखाली बादली, शेजारी घड्याळ, काटा खाली सरकतो]

काटा ०.१२ वर आला. दहा लिटरची बादली भरायला अडीच मिनिटं लागली, म्हणजे मिनिटाला ४ लिटर. एवढ्याशा प्रवाहाने अर्ध्या इंची स्वच्छ पाइपात इतका दाब गळूच नये. घरातल्या १५ मीटर लाइनवर फार तर बारचे दोन-तीन शतांश जातील. इथे जवळजवळ अर्धा बार गेलाय.

अडथळा कुठे आहे, तेही याच काट्यातून कळतं. वॉशिंग मशीन आणि स्वयंपाकघर यांच्या लाइन जिथे फुटतात, तिथपर्यंतच पाइप सामाईक आहे. गेजच्या फाट्यात पाणी वाहत नाही, त्यामुळे गेज फाटा फुटण्याच्या जागेचाच दाब सांगतं. काटा कोसळला, म्हणजे खोट टाकीपासून फाट्यापर्यंतच्या भागात आहे. काटा जेमतेम हलला असता आणि तरी नळातून धार बारीक आली असती, तर दोष पुढच्या फाट्यात किंवा नळाच्या तोंडावरच्या जाळीत शोधावा लागला असता.

[दृश्य: गच्ची, टाकीच्या बुडाजवळचा गेट वॉल्व्ह]

सामाईक भागात सगळ्यात आधी बघायचा तो टाकीजवळचा वॉल्व्ह. चाक पूर्ण उघडं फिरलंय, पण चाक फिरलं म्हणून आतली पाटी वर गेलीच असं नाही. गेट वॉल्व्हमध्ये दांड्यावरून सुटलेली पाटी खालीच अडकून बसते आणि पाणी कडेच्या फटीतून झिरपत राहतं. इथे तेच झालं होतं.

वॉल्व्ह बदलून तेच माप पुन्हा घेतलं. नळ बंद असताना ०.६, अगदी पूर्वीइतकंच. स्वयंपाकघरातला नळ उघडल्यावर ०.५, आणि तीच बादली सव्वा मिनिटात भरली.