लटकवलं १० न्यूटनचं वजन, दोरीत ताण मात्र ८

[कॅमेरा टेबलाच्या कडेवर. कप्पी, दोरी आणि खाली लटकणारं वजन दिसतंय.]

नमस्कार. आज फळा नंतर, आधी हे टेबल बघा.

ही लाकडी फळी आहे, खाली चार छोटी चाकं लावलीत, वर वजनं ठेवलीत. सगळं मिळून बरोबर ४ किलो. हिला आपण ठोकळाच म्हणू. ठोकळ्याला दोरी बांधलीय, ती टेबलाच्या कडेवरच्या कप्पीवरून खाली गेलीय, आणि खालच्या टोकाला लटकतंय एक किलोचं लोखंडी वजन. ते मंगळवार पेठेतल्या एका किराणा दुकानातून मागून आणलंय. दोरी म्हणजे आमच्या शेजारच्या पॉवरलूमवरचं चादरीचं सूत, सात-आठ पदरी पीळ देऊन केलेलं. ओढून बघा, अजिबात वाढत नाही. आणि खाली जमिनीवर सोलापुरी चादरीची चांगली जाड घडी ठेवलीय, फरशी फुटू नये म्हणून.

प्रश्न अकरावीचा आहे. टेबलाला घर्षण नाही असं धरा. ठोकळा सोडला, तर त्याचं त्वरण किती?

क्लासमध्ये मी हा प्रश्न दिला की पहिलं उत्तर जवळजवळ दर वेळी एकच येतं. परवाही एका मुलाने सांगितलं, "मॅडम, खालचं वजन दहा न्यूटन आहे की ओ. मग दोरीतला ताण पण दहाच की. दहा भागिले चार, अडीच." g आपण १० धरतोय, म्हणजे एक किलोचं वजन १० न्यूटन, इथपर्यंत बरोबर. गडबड होते ती "मग ताण पण दहाच" इथे. आज मला फक्त एवढ्याच एका वाक्याबद्दल बोलायचंय.

मी त्याला म्हटलं, ठीक आहे, तुझं खरं मानू. दोरीत ताण १०. आता ठोकळा सोड आणि खालच्या वजनाकडे बघ. त्याच्यावर किती बलं आहेत? पृथ्वी खाली ओढतेय, १० ने. दोरी वर ओढतेय, तुझ्या म्हणण्यानुसार १० ने. मग ते वजन काय करेल?

तो जरा थांबला, आणि म्हणाला, "लटकूनच राहील."

झालं ना! टेबलावरचा ठोकळा अडीचच्या त्वरणाने कप्पीकडे निघाला, आणि खालचं वजन जागच्या जागी. मग मधली दोरी गेली कुठे? ठोकळा एक वीत पुढे आला तर वजन एक वीत खाली उतरायलाच हवं, कारण सूत वाढतही नाही आणि आखडतही नाही. म्हणजे दोघांचं त्वरण एकच असायला हवं. आणि वजन त्वरणाने खाली जायचं असेल, तर वरची ओढ खालच्या ओढीपेक्षा कमीच पाहिजे. ताण १० पेक्षा कमी हे इथेच ठरलं, अजून एकही समीकरण मांडलेलं नाही.

आता मांडू.

[फळा. दोन वेगळ्या आकृत्या: एक चौकोन, एक गोळा.]

दोन वस्तू, दोन आकृत्या. एकाच आकृतीत सगळे बाण कोंबू नका, तिथेच चूक होते. ठोकळ्यावर खाली ४० न्यूटन वजन, वर टेबलाचं ४० न्यूटन. ते एकमेकांना फेडतात, आणि घर्षण नसल्यामुळे पुढच्या हिशोबात त्यांचं काही काम उरत नाही. आडवं बल एकच, दोरीचा ताण T.

```
ठोकळा:      T = ४a
लटकतं वजन:  १० - T = १a
```

दुसऱ्या ओळीत मी खालची दिशा धन धरलीय, कारण वजन खाली जातंय. ठोकळा कप्पीकडे जाणं आणि वजन खाली जाणं, दोन्हीला एकच चिन्ह द्यायचं. दोन ओळींची बेरीज करा. T उडतो, १० = ५a, आणि a = २. पहिल्या ओळीत घाला, T = ८.

अक्षरांत लिहायचं तर,

```
a = mg / (M + m)
T = Mmg / (M + m)
```

इथे एक प्रश्न येतोच, आणि तो यायलाच हवा. ठोकळा तर चारच किलोचा, मग छेदात पाच कुठून आले? असं बघा. पृथ्वी ओढतेय फक्त त्या एक किलोला, १० न्यूटनने. पण त्या दहाच्या जिवावर हलायचंय पाच किलोला, ठोकळा चार आणि स्वतः वजन एक. वजनाला स्वतःलाही २ चं त्वरण घ्यायचंय ना? त्यासाठी त्याला २ न्यूटन स्वतःकडे ठेवावे लागतात. उरलेले ८ दोरीतून ठोकळ्याकडे जातात. वस्तुमानं चारास एक, म्हणून दहाची वाटणीही चारास एक.

मग अडीच हे उत्तर कधीच बरोबर नसतं का? असतं. वजन काढून टाका, दोरी हातात धरा आणि मध्ये ताणकाटा लावून तो सतत १० वर राहील अशी ओढत राहा. तेव्हा ठोकळ्याचं त्वरण १० भागिले ४, अडीचच. कारण हात किती वेगाने हलतोय ते तुमचं तुम्ही बघताय, ठोकळ्याला मिळतात ते पूर्ण दहा. परीक्षेत हे दोन प्रश्न शेजारी शेजारी देतात, एकात एक किलो लटकवलेलं, दुसऱ्यात १० न्यूटनने ओढलेलं. आकृत्या सारख्याच दिसतात, उत्तरं वेगळी.

[कॅमेरा जवळ. ठोकळ्यावर ताणकाटा बसवलेला, दोरी त्याच्या हुकात.]

आता आठ बघायचे. हा ताणकाटा ठोकळ्यावरच बसवलाय, त्याचं वस्तुमान चार किलोत धरलेलं आहे. मी ठोकळा हाताने धरून ठेवलाय. काटा बघा, १० वर. बरोबरच आहे, सगळं स्थिर आहे, वजन लटकून आहे, म्हणजे ताण दहाच. आता सोडते.

[स्लो मोशन.]

हात सुटला तसा काटा खाली आला. आतली स्प्रिंग आहे, त्यामुळे तो थोडा डुलतोय, पण डुलतोय तो आठच्या आसपास. आणि वजन चादरीवर टेकलं, दोरी सैल पडली, काटा शून्यावर. त्यानंतर ठोकळा बघा. त्याला आता कोणी ओढत नाही, तरी तो कप्पीकडे चाललाच आहे, जवळपास तेवढ्याच वेगाने.

म्हणजे समजा, तुमची दोरी ९ न्यूटनला तुटणारी आहे. तर ती ठोकळा पळताना तुटणार नाही. ती आधीच तुटेल, तुम्ही ठोकळा धरून ठेवलेला असताना! मला स्वतःला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी वहीत दोनदा तपासून बघितलं होतं.

अजून एक गंमत. T च्या सूत्रात M आणि m यांची अदलाबदल करा. टेबलावर एक किलो, खाली चार किलो. त्वरण ४० भागिले ५, म्हणजे ८, चौपट झालं. ताण? चार गुणिले एक गुणिले दहा, भागिले पाच. परत ८! दोरीला कळतही नाही कुणाला टेबलावर ठेवलंय आणि कुणाला लटकवलंय.

आता मोजू. वजन चादरीपासून बरोबर १ मीटर वर आहे. त्वरण २ असेल तर १ मीटर उतरायला लागणारा वेळ,

```
t = √(२h / a) = √(२ × १ / २) = १ सेकंद
```

तेच मोकळं सोडलं असतं तर ०.४५ सेकंदात खाली. हातातल्या घड्याळाने ते नीट मोजता येत नाही. इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या जॉर्ज अॅटवूड यांनी याच अडचणीवर तोड काढली. कप्पीच्या दोन बाजूंना दोन वजनं लटकवून त्यांनी पडण्याचा वेग संथ केला. त्या यंत्राचं वर्णन त्यांनी १७८४ मध्ये छापलं. आपली आजची मांडणी त्याच घरातली.

आपल्याकडे मोबाइल आहे. सेकंदाला ३० फ्रेम. त्वरण २ असेल तर सोडल्यापासून टेकेपर्यंत ३० फ्रेम, आणि अडीच असेल तर ०.८९ सेकंद, म्हणजे २७ फ्रेम. मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा आल्या ३६!

घाबरू नका, हे घर्षण आहे. ३६ फ्रेम म्हणजे १.२ सेकंद, त्यावरून त्वरण साधारण १.४. पाच किलोला १.४ द्यायला लागतात ७ न्यूटन. हातात होते १०, म्हणजे सुमारे ३ न्यूटन चाकांनी आणि कप्पीने खाल्ले. मग मी टेबलाच्या मागच्या पायांखाली वीट आणि थोड्या वह्या सरकवल्या, टेबल कप्पीकडे किंचित उतरतं केलं. किती उतरतं? वजन काढून ठेवायचं, ठोकळ्याला बोटाने हलकासा धक्का द्यायचा, आणि तो एकसारख्या वेगाने जात राहिला पाहिजे. मध्ये थांबला तर अजून एक वही घाला, आपोआप वेग घेत सुटला तर एक वही काढा. असं जमवल्यावर ३१ फ्रेम आल्या.

आणि हे लक्षात घ्या, घर्षणामुळे फ्रेम वाढतात, कमी कधीच होत नाहीत. २७ यायच्या तर घर्षण उलट मदतीला धावायला हवं. तुमच्या घरी ३० च्या खाली फ्रेम आल्या तर दोनच शक्यता आहेत, टेबल जास्त उतरतं झालंय किंवा सोडताना हाताने ढकललं गेलंय. सोडताना बोट वरून उचला, मागून काढू नका.

शाळेच्या प्रयोगात मात्र कधी कधी सर सांगतात, ताण वजनाइतका धरा. तेव्हा लटकवलेलं वजन बघा. ४ किलोच्या ठोकळ्याला १०० ग्रॅम लटकवलं असेल, तर छेदात ४ ऐवजी ४.१ येतात. फरक अडीच टक्के, घड्याळात सापडणारही नाही. तिथे ते चालतं. आपल्या एक किलोला चालवलं तर उत्तर पंचवीस टक्क्यांनी चुकतं.

आता वजन दोन किलो करते, ठोकळा तोच चारचा. T किती आणि १ मीटरला किती फ्रेम, वहीत काढा, कमेंटमध्ये टाका. काढताना दोन आकृत्या वेगळ्या काढा. मी पुढच्या व्हिडिओत मोजून दाखवते.